एटीएम : रोकड न मिळता खात्यातून रक्कम वजा होणे

एटीएमवर पैसे काढताना यंत्रातून नोटा बाहेर न येणे, किंवा मागितल्यापेक्षा कमी येणे, आणि तरीही ती रक्कम खात्यातून वजा झाल्याची नोंद होणे. बँकांच्या भाषेत हा ‘अयशस्वी व्यवहार’ होय. भारतात अशी रक्कम परत करण्याची मुदत आणि उशिराची भरपाई रिझर्व्ह बँकेने ठरवून दिली आहे. सध्याचा नियम २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाचा असून तो १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू आहे.

कारण. खाते एका बँकेत आणि यंत्र दुसऱ्या बँकेचे असले, की एका साध्या वाटणाऱ्या व्यवहारात तिघांचा हात असतो : कार्ड देणारी बँक, यंत्र चालवणारी बँक आणि या दोघींना जोडणारे ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ हे जाळे. हे जाळे २००४ मध्ये सुरू झाले आणि आता ते भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळ (एनपीसीआय) चालवते. ग्राहकाने पिन आणि रक्कम टाकली की विनंती जाळ्यातून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. ती बँक शिल्लक तपासते, रक्कम खात्यातून वजा करते आणि मगच यंत्राला होकार कळवते. त्यानंतर यंत्र पेट्यांतून एकेक नोट उचलते, जाडी तपासून मोजते आणि गठ्ठा झडपेपाशी आणते. म्हणजे खात्यातली वजावट आधी होते आणि नोटा नंतर येतात. सगळा घोटाळा या मधल्या काही सेकंदांत होतो.

दोन नोटा चिकटून आल्या किंवा नोट अडकली, तर यंत्र तो गठ्ठा आतल्या नाकारलेल्या नोटांच्या कप्प्यात टाकते आणि व्यवहार रद्द झाल्याचा निरोप परत पाठवते. हा निरोप नीट पोहोचला तर वजा झालेली रक्कम बहुधा काही मिनिटांत खात्यात परत दिसते. ऐन त्या वेळी वीज गेली किंवा संपर्क तुटला, तर निरोप पोहोचत नाही. कार्ड देणाऱ्या बँकेच्या दृष्टीने पैसे दिले गेलेले असतात, आणि यंत्रात मात्र तेवढी रोकड जास्त पडून असते. पुढे यंत्रातली रोकड आणि व्यवहारांच्या नोंदी यांचा मेळ घातला जातो, तेव्हा ही वाढीव रोकड उघडी पडते. ग्राहकाचा दावा खरा ठरतो तो मुख्यतः या मेळातून.

मुदत आणि भरपाई. व्यवहाराच्या दिवसानंतर जास्तीत जास्त ५ दिवसांत रक्कम खात्यात परत जमा झाली पाहिजे. तसे न झाल्यास पुढच्या प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई खातेदाराच्या खात्यात जमा करायची असते. गावोगावी हातात घेऊन फिरता येणाऱ्या मायक्रो-एटीएमलाही हाच नियम आहे. नियमात दोन गोष्टी ग्राहकाच्या फार फायद्याच्या आहेत. दिवस कॅलेंडरचे मोजायचे, कामकाजाचे नव्हे. म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्याही मुदतीत धरल्या जातात. शिवाय रक्कम आणि भरपाई दोन्ही बँकेने स्वतःहून द्यायच्या असतात, ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता.

जुन्या नियमाची आठवण अजून अनेकांच्या मनात आहे, काही वेळा शाखेतल्या खिडकीमागेही. १ जुलै २०११ पासून मुदत तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या ७ दिवसांची होती आणि व्यवहारापासून ३० दिवसांत दावा केला तरच भरपाई मिळे. म्हणून ‘सात वर्किंग डे थांबा’ असे कोणी सांगितले, तर २०१९ च्या परिपत्रकाचा उल्लेख करून ५ दिवसांची मुदत दाखवून द्यावी. ही मुदत तक्रारीच्या तारखेपासून सुरू होत नाही, व्यवहाराच्या तारखेपासून होते. वादात हा एक मुद्दा पक्का धरला तरी बरेच काही हाती लागते.

उदाहरण. समजा, शनिवार १ नोव्हेंबर २०२५ रोजी एका खातेदाराने दुसऱ्या बँकेच्या यंत्रावर ९,५०० रुपये मागितले. यंत्र घरघरले, पडद्यावर दिलगिरीचा मजकूर आला, नोटा आल्या नाहीत आणि मोबाइलवर मात्र ९,५०० वजा झाल्याचा संदेश आला. पाचवा दिवस गुरुवार ६ नोव्हेंबर. मधला रविवार आणि ५ तारखेची गुरुनानक जयंतीची सुट्टी वगळायची नाही. रक्कम ६ तारखेपर्यंत जमा झाली तर भरपाई नाही. ती शुक्रवार १४ नोव्हेंबरला जमा झाली तर उशीर ८ दिवसांचा, म्हणजे खात्यात ९,५०० अधिक ८०० असे १०,३०० रुपये यायला हवेत. मूळ रक्कम आणि भरपाई पासबुकात वेगवेगळ्या ओळींत येऊ शकतात, म्हणून दोन्ही शोधाव्यात. मूळ रक्कम आली आणि ८०० आले नाहीत, तर मामला मिटलेला नाही. त्याच तक्रार क्रमांकावर भरपाईची लेखी मागणी करावी. तो हक्काचा पैसा आहे, बँकेची मेहेरबानी नव्हे.

असा व्यवहार महिन्याच्या मोफत व्यवहारांत धरायचा नाही, असे १४ ऑगस्ट २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. मोफत मर्यादेपलीकडच्या व्यवहाराला १ मे २०२५ पासून २३ रुपयांपर्यंत शुल्क लागू शकते. अडकलेल्या व्यवहारावर ते लावलेले दिसले, तर तेही परत मागावे.

तक्रार. बँकेने स्वतःहून पैसे द्यायचे असले तरी तक्रार त्याच दिवशी नोंदवावी, कारण यंत्राच्या नोंदीत व्यवहार चुकून ‘यशस्वी’ लागला असेल तर आपोआप काहीच होत नाही. तक्रार नेहमी आपले खाते असलेल्या बँकेकडे करायची. यंत्र दुसऱ्या बँकेचे असो वा एखाद्या खासगी कंपनीचे, ‘त्या बँकेत जा’ हे उत्तर मान्य करू नये. यंत्रवाल्या बँकेकडे दावा लावणे हे खाते असलेल्या बँकेचे काम आहे. तक्रारीत तारीख, वेळ, मागितलेली आणि मिळालेली रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि यंत्राचा क्रमांक असावा. हा क्रमांक यंत्रावर किंवा त्या खोलीत लावलेला असतो. निघण्यापूर्वी त्याचा आणि पडद्यावरच्या मजकुराचा फोटो काढावा. पावती आली असेल तर जपून ठेवावी, न आल्यास वजावटीचा संदेश पुरतो. फोनवर तक्रार केली तरी तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि तोच मजकूर ईमेलने किंवा शाखेत पोच घेऊन द्यावा.

मदत क्रमांक कार्डाच्या मागे छापलेलाच वापरावा. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या बनावट क्रमांकांवर, पैसे अडकल्याने आधीच घाबरलेली माणसे सहज फसतात. रक्कम परत देण्यासाठी कोणत्याही बँकेला पिन किंवा ओटीपी लागत नाही. तो विचारला गेला की फोन ठेवावा.

‘व्यवहार यशस्वी’ हे उत्तर. खरी अडचण इथे येते. काही दिवसांनी बँक कळवते की यंत्राच्या नोंदीनुसार रोकड दिली गेली आहे आणि तक्रार बंद केली आहे. हे उत्तर नेहमी खोटे नसते, पण तपास तिथे संपतही नाही. यंत्र प्रत्येक हालचालीची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवते. त्या दिवशीच्या रोकड-मेळाचा अहवाल आणि कॅमेऱ्याचे चित्रीकरणही असते. ग्राहकाने लेखी पत्र देऊन या तिन्हींची तपासणी मागावी : नोंदीची प्रत, मेळात वाढीव रोकड निघाली का याचे उत्तर आणि चित्रीकरण जपून ठेवण्याची विनंती. चित्रीकरण ठरावीक काळानंतर पुसले जाते, म्हणून हे पत्र पहिल्याच आठवड्यात गेलेले चांगले. रोकड कमी आली असेल तर नोटा कॅमेऱ्यासमोरच मोजाव्यात. दावा फक्त फरकाच्या रकमेचा करावा.

मेळात जादा रोकड निघाली नाही आणि ग्राहकही खरे बोलत असेल, अशीही एक शक्यता असते. चोर झडपेवर पट्टी किंवा खोटे तोंड बसवतात. यंत्र नोटा पुढे ढकलते, त्या पट्टीमागे अडकतात, ग्राहक निघून जातो आणि मागून चोर त्या काढून नेतो. यंत्राच्या लेखी नोटा दिल्या गेल्या आणि मेळही जुळतो. म्हणून नोटा मोजल्याचा आवाज आला आणि बाहेर काही आले नाही, तर झडपेचा भाग सैल किंवा वेगळा दिसतो का ते पाहावे आणि जागा न सोडता बँकेला फोन करावा. संशय आला तर पोलिसांत तक्रार द्यावी. अशा प्रकरणात कॅमेऱ्याचे चित्रीकरण हाच जवळजवळ एकमेव पुरावा उरतो.

लोकपाल. बँकेने तक्रार फेटाळली, अपुरे उत्तर दिले किंवा ३० दिवसांत उत्तरच दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बँकेकडे लेखी तक्रार न करता थेट गेल्यास प्रकरण परत येते. १२ नोव्हेंबर २०२१ पासून देशभरासाठी एकच एकात्मिक योजना आहे. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर विनाशुल्क करता येते, वकील लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. ३० दिवस उलटताच तक्रार करावी, लोकपालाकडे जाण्याच्या शेवटच्या मुदतीच्या भरवशावर थांबू नये. सोबत पासबुकाची नोंद, बँकेला दिलेल्या तक्रारीची प्रत आणि उशिराच्या दिवसांचा हिशेब जोडावा. २०२१ च्या योजनेत ५० कोटी रुपये किंवा अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका येतात. त्याहून लहान बँकेची तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ग्राहक शिक्षण व संरक्षण कक्षाकडे जाते.

दुसरा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. तिथे मुदत २ वर्षांची आहे आणि दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. मात्र प्रकरण आयोगात किंवा न्यायालयात चालू असेल तर लोकपाल ते हाती घेत नाही, म्हणून काही हजारांच्या रकमेसाठी आधी लोकपालाकडे जाणे सोयीचे.

मर्यादा. ५ दिवसांचा नियम देशांतर्गत व्यवहारांपुरता आहे. भारतीय बँकेचे कार्ड दुबईत किंवा लंडनमध्ये वापरताना पैसे अडकले, तर ही मुदत आणि रोजचे १०० रुपये लागू होत नाहीत. तिथे व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या जाळ्याच्या वाद-निवारण नियमांनुसार दावा चालतो. मात्र तो लावायचा असतो आपले खाते असलेल्या भारतातल्या बँकेमार्फतच, आणि यंत्राची पावती तिथे अधिक महत्त्वाची ठरते.