हिरवा दिवा किती वेळ? चौकातील सिग्नल-नियंत्रणाच्या तीन पद्धती

चौकातील सिग्नल रस्ता रुंद करीत नाही. एकच जागा वेगवेगळ्या दिशांच्या वाहनांना आळीपाळीने देणे, एवढेच त्याचे काम. ही वाटणी तीन प्रकारे करता येते. आधी मोजणी करून वेळा कायम ठरविता येतात, प्रत्यक्ष येणारी वाहने पाहून त्या क्षणोक्षणी बदलता येतात, किंवा एका चौकाच्या वेळा शेजारच्या चौकाशी जुळवून घेता येतात. शेवटच्या दोन पद्धती एकमेकींना पूरक आहेत असे वरवर वाटते, पण पुष्कळदा त्या एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. हे समजण्यासाठी एका काल्पनिक चौकाचे गणित पाहू.

ठरावीक वेळेची पद्धत

पूर्व-पश्चिम मुख्य रस्ता आणि त्याला छेदणारा उत्तर-दक्षिण आडरस्ता, असा हा चौक आहे. रांग सुटू लागली की मुख्य रस्त्याच्या एका बाजूने सेकंदाला एक, म्हणजे तासाला 3600 वाहने जाऊ शकतात. आडरस्ता अरुंद असल्याने तेथून तासाला 1800 सुटतात. हे आकडे मोटारगाडीच्या मापात मोजतात. दुचाकी एकापेक्षा कमी आणि बस एकापेक्षा अधिक धरली जाते. सकाळच्या गर्दीत मुख्य रस्त्याच्या अधिक भारलेल्या दिशेने तासाला 1440 आणि आडरस्त्याने 450 वाहने येतात असे मानू. म्हणजे मुख्य रस्त्याला एकूण वेळेचा 0.40 आणि आडरस्त्याला 0.25 हिस्सा किमान लागणारच. दोहोंची बेरीज 0.65 होते.

हिरव्याची पाळी बदलताना काही सेकंद कोणाच्याच कामी येत नाहीत. पहिल्या वाहनाला हालायला वेळ लागतो आणि पिवळ्या दिव्यानंतर चौक रिकामा व्हावा लागतो. दोन पाळ्यांचे मिळून असे 8 सेकंद धरू. ब्रिटनच्या रोड रिसर्च लॅबोरेटरीतील एफ. व्ही. वेबस्टर यांनी 1958 मध्ये दिलेले सूत्र आजही जगभर वापरले जाते. C म्हणजे सेकंदांतील पूर्ण चक्र, L म्हणजे वाया जाणारा वेळ आणि Y म्हणजे हिश्श्यांची बेरीज:

```
C = (1.5 L + 5) / (1 - Y)
```

आपल्या आकड्यांनी 17 भागिले 0.35, म्हणजे सुमारे 49 सेकंद येतात. सोयीसाठी 50 धरू. त्यांतून 8 वजा करून उरलेले 42 सेकंद हिश्श्यांच्या प्रमाणात वाटले, तर मुख्य रस्त्याला 26 आणि आडरस्त्याला 16 सेकंद मिळतात.

गणित येथेच थांबविले, तर पादचारी विसरला जातो. आडरस्त्याला हिरवा असतानाच पायी चालणारा मुख्य रस्ता ओलांडतो. रस्ता 14 मीटर रुंद आणि चालण्याचा वेग सेकंदाला 1.2 मीटर धरला, तर त्याला सुमारे 12 सेकंद लागतात. पाऊल टाकण्यापूर्वीचे 7 सेकंद मिळविले की 19 सेकंद होतात. वाहनांच्या हिशेबाने दिलेले 16 सेकंद त्याला पुरत नाहीत. वृद्धांना तर मुळीच नाहीत. म्हणून चक्र 60 सेकंदांचे करून मुख्य रस्त्याला 32 आणि आडरस्त्याला 20 सेकंद द्यावे लागतात. मांडणीत पादचाऱ्याचा विचार झाला आहे की नाही, हे आडरस्त्याच्या हिरव्या दिव्यावर घड्याळ लावून कोणालाही तपासता येते.

याच सूत्रातून एक मर्यादाही उघड होते. बेरीज 0.65 वरून 0.90 वर गेली, तर उत्तर 170 सेकंद येते. बेरीज एकाजवळ पोहोचली की कोणतेच चक्र पुरत नाही. तेथे सिग्नलची पद्धत बदलून उपयोग नसतो. वळणे, मार्गिका किंवा वाहनसंख्या यांतच बदल करावा लागतो.

ठरावीक पद्धतीचा गुण असा, की तिला रस्त्यातील कोणत्याही उपकरणाची गरज नसते आणि तिचे वागणे अगोदर सांगता येते. रोज त्याच वेळी तेवढीच गर्दी होत असेल, तर सकाळ, दुपार, संध्याकाळ व रात्र यांची वेगळी वेळापत्रके पुरेशी ठरतात. मात्र ती जुनी होतात. नवी वसाहत, एकेरी केलेली गल्ली किंवा पर्यटनाचा हंगाम यांनी हिस्से बदलतात आणि घड्याळाला ते कळत नाही. एका रस्त्याची रांग प्रत्येक हिरव्यात पूर्ण सुटून पुढे काही सेकंद रस्ता मोकळा राहतो, आणि दुसऱ्या रस्त्यावरील काही वाहने दरवेळी मागे उरतात, असे दिसले की वाटणी जुनी झाली असे खुशाल समजावे.

वाहने पाहून चालणारा सिग्नल

दुसऱ्या पद्धतीत रस्त्याच्या पृष्ठभागात तारेचे वेटोळे पुरलेले असते, किंवा खांबावर कॅमेरा अथवा रडार असते. नियंत्रकाला तीन वेळा सांगितलेल्या असतात: किमान हिरवा, प्रत्येक वाहनामागे मिळणारी वाढ आणि कमाल हिरवा. किमान वेळ संपल्यावर प्रत्येक नवे वाहन हिरवा थोडा लांबविते. वाढीच्या वेळेत कोणीच आले नाही, तर पाळी संपते. वाहने येतच राहिली, तर कमाल मर्यादेवर ती तोडली जाते.

रात्री आडरस्त्याने मिनिटाला एखादेच वाहन येत असेल, तर या पद्धतीचा लाभ स्पष्ट दिसतो. ठरावीक सिग्नल प्रत्येक मिनिटाला आडरस्त्यासाठी 20 सेकंद उघडतो, तेथे कोणी असो वा नसो. वाहने पाहणारा सिग्नल मात्र मागणी आली तरच पाळी देतो. पादचाऱ्यासाठी बटण असेल, तर त्याचे 19 सेकंदही गरज असेल तेव्हाच दिले जातात. बटण नसेल, तर किमान हिरवा 19 सेकंदांहून कमी ठेवता येत नाही आणि लाभाचा मोठा भाग निघून जातो.

या पद्धतीचे सारे यश वाढीच्या आकड्यात असते. तासाला 1440 वाहने म्हणजे सेकंदाला 0.4. वाहने विस्कळीतपणे येत असतील, तर दोन वाहनांतील अंतर 3 सेकंदांहून अधिक असण्याची शक्यता सुमारे 30 टक्के असते. 5 सेकंदांहून अधिक असण्याची 14 टक्क्यांच्या आसपास. म्हणून 3 सेकंदांची वाढ ठेवली, तर रांग संपल्यावर पाळी लवकर सुटते. तीच 5 सेकंदांची केली, तर तुरळक येणारे एकेक वाहन हिरवा धरून ठेवते, पाळी बहुतेक वेळा कमाल मर्यादेपर्यंत जाते आणि सिग्नल व्यवहारात लांब चक्राचा ठरावीक सिग्नल होऊन बसतो. याउलट वाढ फार कमी असेल, तर जड ट्रक रांगेत हळू हलताच सिग्नलला वाटते की रांग संपली, आणि मागची वाहने अडकतात.

आपल्याकडची आणखी एक अडचण उपकरणाची आहे. वेटोळे वाहनातील धातूमुळे होणारा विद्युत बदल ओळखते. दुचाकीत धातू कमी असतो. शिवाय ती मार्गिकेच्या कडेने किंवा दोन वेटोळ्यांच्या मधून उभी राहते. नळ वा केबल टाकण्यासाठी रस्ता खोदला की तार तुटते. कॅमेऱ्याला मुसळधार पाऊस आणि समोरून पडणारे ऊन बाधते. तुटलेल्या उपकरणामागचा नियंत्रक बहुधा ‘येथे सतत वाहन आहे’ असे मानतो, कारण उलट मानल्यास कोणीतरी कायमचे लाल दिव्यात राहील. त्यामुळे रिकाम्या आडरस्त्याला दरवेळी कमाल हिरवा मिळत असेल, तर बिघाड उपकरणात असण्याचा संभव मोठा. एकट्या दुचाकीला पाळीच मिळत नसेल आणि मोटार येताच ती मिळत असेल, तर सिग्नलला दुचाकी दिसत नाही असे समजावे.

चौकांची जुळवणी

आता 500 मीटर पूर्वेला दुसरा तसाच चौक आहे असे धरू. पहिल्याला ‘अ’ आणि दुसऱ्याला ‘ब’ म्हणू. ताशी 40 किलोमीटर वेगाने हे अंतर 45 सेकंदांत कापले जाते. ‘अ’चा हिरवा सुरू झाल्यानंतर 45 सेकंदांनी ‘ब’चा सुरू केला, की सुटलेला वाहनांचा घोळका न थांबता पुढे जातो. यासाठी दोन्ही चौकांचे चक्र सारखेच हवे. नाहीतर जुळलेला मेळ दर फेरीला सरकत जातो.

अडचण परतीच्या दिशेला येते. चक्र 60 सेकंदांचे असताना ‘ब’चा हिरवा 45व्या सेकंदाला सुरू होतो. तेथून निघालेली वाहने 90व्या सेकंदाला, म्हणजे पुढील चक्राच्या 30व्या सेकंदाला ‘अ’ येथे पोहोचतात. तेथील हिरवा 32व्या सेकंदाला संपतो. घोळक्यातील दोनेक वाहने निसटतात, बाकीची लाल दिव्यात अडकतात. अंतर 45 ऐवजी 30 सेकंदांचे ठेवले, तर दोन्ही दिशांना 32 पैकी 17 सेकंदांचाच हिरवा अखंड मिळतो. ही तडजोड झाली.

चक्र 90 सेकंदांचे केले, तर चित्र बदलते. 45 हा 90 चा बरोबर अर्धा असल्याने परतीचा घोळका ‘अ’चा हिरवा लागतानाच तेथे पोहोचतो. मुख्य रस्त्याला 50 आणि आडरस्त्याला 32 सेकंद देता येतात आणि दोन्ही दिशा मोकळ्या वाहतात. या सुखाची किंमत मात्र आडरस्ता देतो. त्याचा लाल काळ 40 वरून 58 सेकंदांवर जातो आणि तेथील सरासरी थांबा सुमारे 18 वरून 25 सेकंदांवर पोहोचतो. ही किंमत योग्य आहे की नाही, हे मुख्य रस्त्यावर किती वाहनांचा थांबा वाचला यावर ठरते. केवळ ‘हिरवी लाट’ दिसली म्हणून नव्हे.

जुळवणीलाही अंतराची मर्यादा आहे. दुचाकी पुढे निघतात, बस मागे पडतात आणि घोळका विरळ होत जातो. चौकांतील अंतर किलोमीटरच्या पुढे गेले की जुळवणीचा लाभ बराच ओसरतो. ‘ब’ येथे आडरस्त्यावरून वळून आलेल्या वाहनांची रांग आधीच उभी असेल, तर ती सुटायला लागणारे सेकंद 45 मधून वजा करावे लागतात. ते केले नाहीत, तर घोळका हिरव्या दिव्यासमोरच उभ्या रांगेवर येऊन आदळतो.

दोन्ही पद्धती एकत्र

वाहने पाहणारा सिग्नल आपली पाळी हवी तेव्हा संपवू पाहतो. जुळवणीला मात्र घड्याळ पाळणारा शेजारी हवा असतो. यावर रूढ तोडगा असा, की चक्र सर्व चौकांत समान ठेवायचे आणि मुख्य रस्त्याचा हिरवा ठरलेल्या क्षणापूर्वी संपू द्यायचा नाही. आडरस्त्याला ठरावीक खिडकी मिळते. तेथील वाहने लवकर संपली, तर उरलेले सेकंद मुख्य रस्त्याकडे परत येतात.

येथेही एक खोच आहे. ‘अ’ येथे आडरस्त्याचे 32 पैकी 12 सेकंदच वापरले गेले, तर मुख्य रस्त्याचा हिरवा 20 सेकंद लवकर सुरू होतो. घोळका लवकर निघतो आणि ‘ब’ येथे तेवढाच लवकर पोहोचून लाल दिव्यासमोर थांबतो. ‘अ’ने वाचविलेला वेळ ‘ब’ने खाल्ला. म्हणून जवळजवळच्या चौकांत गर्दीच्या वेळी जुळवणीला अग्रमान द्यावा आणि रात्री ती सोडून प्रत्येक चौकाला मोकळे ठेवावे, हीच मांडणी बहुधा अधिक हितकर ठरते. सिडनीत विकसित झालेली स्कॅट्स आणि ब्रिटनमधील स्कूट या प्रणाली चक्र, वाटणी व अंतर हे तिन्ही आकडे थोडेथोडे बदलत हाच तोल सतत साधू पाहतात. परंतु त्यांचेही डोळे म्हणजे रस्त्यातील तीच उपकरणे. ती बंद पडली, की अशी महागडी प्रणालीही साध्या घड्याळापेक्षा अधिक काही करू शकत नाही.