छपाईत काळे दोन असतात : मालवणच्या एका पत्रकाच्या निमित्ताने

पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात. समुद्र शांत झाला की त्या पुन्हा सुरू होतात आणि मालवण, तारकर्ली, देवबागचा पर्यटन हंगाम उघडतो. त्याच्या थोडं आधी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, न्याहारी-निवास आणि खानावळवाले नवी पत्रकं छापून घेतात. बरीचशी पत्रकं साधारण एकाच साच्यातली असतात. ए-फोर कागद, तीन घड्या, दर्शनी बाजूला रात्रीच्या किल्ल्याचा फोटो आणि भोवती गडद काळी पार्श्वभूमी. आत पांढऱ्यावर काळ्या बारीक अक्षरांत खोल्यांचे दर, थाळ्यांचे भाव आणि फोन नंबर.

मोबाइलवर हे पत्रक झकास दिसतं. छापून आल्यावर मात्र दोन तक्रारी ठरलेल्या: बाहेरचा काळा राखाडी वाटतो आणि आतली अक्षरं अंधुक, दुहेरी दिसतात. दोन्हींचं मूळ एकच. जिथे एक काळा हवा होता तिथे दुसरा वापरला गेला.

स्क्रीनवर काळं म्हणजे प्रकाश नसणं. तिथे काळा एकच. कागदावर मात्र काळं शाईनेच करावं लागतं, आणि ऑफसेट छपाईत ते दोन तऱ्हांनी होतं. पहिल्यात फक्त काळ्या शाईची प्लेट वापरतात. फाइलमध्ये हा रंग `C0 M0 Y0 K100` असा दिसतो. याला शुद्ध काळा म्हणू. दुसऱ्यात काळ्या शाईखाली निळी (सायन), किरमिजी (मॅजेंटा) आणि पिवळी शाईही थोडी थोडी देतात, उदाहरणार्थ `C60 M40 Y40 K100`. हा रिच ब्लॅक, म्हणजे भरीव काळा.

शाईचा थर अगदी पातळ असतो, म्हणून फरक पडतो. चांगल्या आर्ट पेपरवर नुसत्या काळ्या शाईचा पूर्ण थर दिला तरी त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी दोन टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत येतो. आकडा छोटा वाटतो, पण तळहाताएवढ्या जागेत तो डोळ्याला कळतो आणि काळा रंग धुतल्यासारखा वाटतो. मोठ्या पट्ट्यात शाई न बसलेले पांढरे ठिपकेही उठून दिसतात. खाली आणखी तीन शाया असतील तर परतणारा प्रकाश जवळपास निम्म्यावर येतो आणि ठिपके झाकले जातात. मॅपलिथोसारख्या साध्या कागदात शाई मुरते, त्यामुळे नुसता काळा तिथे आणखीच फिका पडतो.

तेव्हा मोठ्या पार्श्वभूमीला भरीव काळा. इथपर्यंत सोपं आहे. गडबड होते ती किल्ल्याच्या फोटोपाशी.

फोटो आडवा असतो आणि पत्रकाचं दर्शनी पान उभं. म्हणून डिझायनर फोटोच्या वर काळा चौकोन जोडतो आणि रात्रीचं आकाश वर वाढवतो. चौकोनाला तो पॅलेटमधला काळा देतो, म्हणजे बहुतेक वेळा `K100`. फोटोतलं काळं आकाश मात्र आरजीबीतून बदलून आलेलं असतं. फोटोशॉपच्या मूळच्या अमेरिकी सेटिंगमध्ये आरजीबीतल्या पूर्ण काळ्याचं `C75 M68 Y67 K90` होतं, म्हणजे चार शायांचं मिश्रण. स्क्रीनवर दोन्ही काळे सारखेच दिसतात. छापल्यावर आकाशाच्या मधोमध सरळ रेष येते, वर करडा काळा आणि खाली गर्द काळा. शाई कमी पडली म्हणून अशा वेळी प्रेसवाल्याशी भांडण होतं. त्याचा इथे दोष नसतो.

स्क्रीन हे लपवते कारण इनडिझाइन आणि इलस्ट्रेटर सगळे काळे सारखेच गडद दाखवू शकतात. Preferences मधल्या Appearance of Black मध्ये Display All Blacks Accurately निवडलं की शुद्ध काळा लगेच करडा दिसू लागतो आणि जोड उघडा पडतो. उपाय म्हणजे चौकोन न जोडता आकाश फोटोतच वाढवणं. ते जमत नसेल तर फोटोच्या कडेच्या काळ्याचे चारही आकडे मोजायचे आणि चौकोनाला तेच द्यायचे.

मग सगळीकडेच भरीव काळा का देऊ नये? कारण आत दरपत्रक आहे.

बारीक अक्षर भरीव काळ्यात दिलं तर तेच अक्षर चार प्लेटांवरून चार वेळा छापलं जातं आणि चारही छाप तंतोतंत एकावर एक बसावे लागतात. चांगल्या मशीनवरही एक दशांश मिलिमीटरचा फरक पडू शकतो. नऊ पॉइंटच्या देवनागरी अक्षराची बारीक रेघ साधारण ०.२ मिलिमीटरची असते. म्हणजे सरक रेघेच्या निम्मी झाली. अशा अक्षराच्या एका कडेला गुलाबी आणि दुसऱ्या कडेला निळसर झाक येते. देवनागरीत हे जास्त खुपतं, कारण शिरोरेषा ओळभर आडवी जाते. तिच्या वरखाली रंगाची किनार आली की सबंध ओळ थरथरल्यासारखी दिसते.

कोकणात त्यात हवेची भर पडते. कागद दमट हवेत ओलावा घेतो आणि किंचित पसरतो, तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक. चार रंगांचं मशीन असेल तर कागद एकाच फेरीत चारही शाया घेऊन बाहेर पडतो. दोन रंगांच्या मशीनवर तो दोनदा जातो, आणि मधल्या वेळात गठ्ठा प्रेसमध्ये पडून असतो. भर पावसाळ्यात तेवढ्या वेळातही कागद बदलतो आणि दुसऱ्या फेरीतले रंग पहिल्यावर नीट बसत नाहीत. हंगामाची पत्रकं नेमकी याच दिवसांत छापली जातात.

शुद्ध काळ्यात दिलेल्या अक्षराला यातलं काहीच लागत नाही. एकच प्लेट, एकच छाप. बाकीच्या प्लेटा सरकल्या तरी अक्षराला रंगाची किनार येत नाही. राहिला फिकेपणाचा प्रश्न. दोन दशांश मिलिमीटरच्या रेघेत काळा थोडा कमी गर्द आहे हे कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. भोवती पांढरा कागद असल्याने ती गर्दच वाटते. मोठा मथळा, समजा तीस पॉइंटच्या वरचा जाड ठसा, भरीव काळ्यात चालतो. बाकी मजकुराला माझ्या मते अपवाद करू नये.

अक्षरं चुकून चार रंगांत जातात त्याचं नेहमीचं कारण म्हणजे मजकूर वर्डमध्ये किंवा मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये तयार होतो. तिथला काळा आरजीबी असतो. प्रेससाठी फाइल बदलताना त्याचंही आकाशासारखंच चार शायांचं मिश्रण होतं. कुणी मुद्दाम केलेलं नसतं, म्हणून लक्षातही येत नाही.

सगळ्यात अवघड जागा दर्शनी पानावर आहे: काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं. इथे अक्षर छापलंच जात नाही. चारही प्लेटांत अक्षराच्या आकाराची जागा मोकळी सोडलेली असते आणि दिसतो तो कागद. एक प्लेट जरी सरकली तरी तिची शाई त्या मोकळ्या जागेत शिरते. बारीक रेघा बुजतात आणि आधी बळी जातो तो अनुस्वाराचा. ‘कोंबडी-वडे’चं ‘कोबडी-वडे’ झालं तर लोक हसून सोडून देतील. फोन नंबरातल्या इंग्रजी 8 ची रेघ बुजून तो 6 सारखा दिसायला लागला, तर खोलीसाठी येणारा फोन भलत्याच घरी वाजेल.

यावर छापखान्यांत वापरली जाणारी जुनी युक्ती आहे. पांढऱ्या अक्षराभोवती `K100` ची बारीक बाह्यरेषा द्यायची, जी अक्षराच्या आत न येता फक्त बाहेर दिसेल. इनडिझाइनमध्ये रेषा बाहेरच्या बाजूला लावता येते. कोरलड्रॉमध्ये बाह्यरेषेला Behind Fill निवडावं, मात्र तिथे अर्धी रेषा अक्षरामागे झाकली जाते हे धरून जाडी दुप्पट घ्यावी. बाहेर दिसणारी रेषा ०.३ ते ०.४ पॉइंट, म्हणजे एक दशांश मिलिमीटरहून थोडी जास्त, पुरते. तिच्यावर ओव्हरप्रिंट लावू नका. आता अक्षराच्या कडेला फक्त काळी शाई आहे आणि बाकी तीन रंग थोडे मागे थांबले आहेत. ते तेवढ्यात सरकले तर त्या काळ्या पट्टीखालीच राहतात, अक्षरात शिरत नाहीत. पट्टी इतकी अरुंद असते की तिचा काळा वेगळा आहे हे कळत नाही. एवढं करूनही दहा पॉइंटखालची सडपातळ अक्षरं काळ्यावर पांढरी देऊ नयेत. ठसा जाड घ्या किंवा नंबर आत पांढऱ्या पानावर हलवा.

भरीव काळा किती भरीव असावा, यालाही मर्यादा आहे. चारही आकड्यांची बेरीज म्हणजे कागदावर पडणारी एकूण शाई. `C60 M40 Y40 K100` ची बेरीज २४०. आर्ट पेपर साधारण ३०० पर्यंत सोसतो. फोटोशॉपचा आपोआप होणारा काळा बरोबर त्या कडेवर बसतो, म्हणून दमट दिवसांत त्याच्या मोठ्या पट्ट्या वाळायला वेळ लागतो आणि गठ्ठ्यात वरच्या कागदाच्या पाठीला काळे डाग पडतात. सगळ्यात घातक रंग म्हणजे पॅलेटमधला [Registration]. तोही काळाच दिसतो, पण त्यात चारही शाया शंभर टक्के, बेरीज ४००. तो कापणीच्या खुणांपुरता ठेवलेला आहे. मॅपलिथोवर किंवा दोन रंगांच्या मशीनवर काम असेल तर मी `C40 K100` एवढ्यावरच थांबेन. काळा थोडा थंड, निळसर वाटतो, रात्रीच्या समुद्राला तो शोभतोही, आणि जुळवायला दोनच प्लेटा उरतात.

फाइल प्रेसला देण्याआधी पीडीएफ अ‍ॅक्रोबॅट प्रोमध्ये उघडा आणि Output Preview मध्ये Separations पाहा. तिथे Black समोरची खूण काढली की दरपत्रकातली सगळी अक्षरं नाहीशी झाली पाहिजेत. एखाद्या ओळीची तपकिरी सावली उरली, तर ती ओळ चार रंगांत आहे. मग Black ची खूण परत लावून पार्श्वभूमीवर बाण फिरवा. चारही आकडे दिसतात. किल्ल्याच्या आकाशात आणि वरच्या चौकोनात ते वेगळे निघाले तर जोड छापल्यावर दिसेल. अ‍ॅक्रोबॅट प्रो नसेल तर प्रेसमध्ये प्लेटा काढण्याआधी हेच दाखवायला सांगा, कारण प्लेटा निघाल्यावर फाइल दुरुस्त केली तर त्या नव्याने काढाव्या लागतात.

हे सगळं ऑफसेटचं गणित आहे. जत्रेच्या किंवा दशावताराच्या फ्लेक्स बॅनरला प्लेटा नसतात आणि अक्षरं हातभर मोठी असतात, तिथे ही काळजी लागत नाही. पन्नास-शंभर प्रतींसाठी डिजिटल मशीनवर काम दिलंत तर प्लेटा सरकण्याचा त्रास कमी होतो, पण जाड काळा थर घडीवर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. तिथे आधी क्रीझ मारून घ्या, किंवा काळा पट्टा घडीच्या अलीकडेच संपवा.