घटनादुरुस्तीवरील विधानाधारित प्रश्न : १०२वी आणि १०५वी दुरुस्ती उदाहरणादाखल

संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सांभाळून केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्या मराठी तरुणांना राज्यव्यवस्था हा विषय सहसा जवळचा वाटतो. पुस्तक एकच असते, मजकूर मर्यादित असतो आणि घटनादुरुस्त्यांचे तक्ते पाठही होतात. तरीही सराव-परीक्षेत गुण जातात ते बहुधा याच तक्त्यांवर बेतलेल्या प्रश्नांत. याचे कारण असे की, तक्त्यात दुरुस्तीचा क्रमांक आणि विषय एवढेच असते. प्रश्नकर्ता मात्र विषय विचारत नाही; तो विधानातील एखादे क्रियापद, एखादा कर्ता किंवा एखादी तारीख बदलतो. सराव कसा करावा हे पाहण्यासाठी महाराष्ट्राशी थेट निगडित असलेल्या १०२व्या आणि १०५व्या घटनादुरुस्तीपेक्षा चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

प्रश्नाचे नवे रूप आणि त्याचे गणित

सामान्य अध्ययनाच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत दोन तासांत १०० प्रश्न सोडवायचे असतात. प्रत्येक बरोबर उत्तराला २ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तरासाठी त्या प्रश्नाच्या गुणांपैकी एक तृतीयांश गुण वजा होतात. पूर्वी ‘केवळ १ आणि २’, ‘केवळ २ आणि ३’ असे पर्याय सर्रास असत. त्यात एक विधान चूक आहे हे निश्चित कळले, तर बहुधा दोन पर्याय आपोआप गळत. २०२३च्या परीक्षेपासून ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?’ या रूपाचा वापर ठळकपणे वाढला. येथे ‘केवळ एक’, ‘केवळ दोन’, ‘तिन्ही’ आणि ‘एकही नाही’ असे पर्याय असतात. एक विधान चूक असल्याचे कळले तरी फक्त ‘तिन्ही’ हा पर्याय गळतो. तीन पर्याय शिल्लक राहतात.

चारपैकी एक पर्याय डोळे मिटून निवडला, तर दीर्घकाळात लाभ-हानी शून्य होते. तीनपैकी दोन विधानांची खात्री असेल, तर दोनच पर्याय उरतात आणि उत्तर देणे फायद्याचे ठरते. म्हणून या प्रकारात सरावाचे एकक प्रश्न नसून विधान आहे. दहा प्रश्न सोडवून सात बरोबर आले, एवढी नोंद पुरेशी नाही. तीस विधानांपैकी किती विधानांचा निर्णय कारणासह करता आला, ही नोंद हवी.

विधानाचे चार सांधे

घटनादुरुस्तीवरील जवळजवळ प्रत्येक विधान चार ठिकाणी तपासता येते. पहिला सांधा क्रियेचा : नवे काही निर्माण झाले, की असलेल्याचा दर्जा बदलला, की काही वगळले गेले? दुसरा कर्त्याचा : अधिकार राष्ट्रपतींचा, संसदेचा, की राज्याचा? तिसरा साधनाचा : ही गोष्ट अधिसूचनेने होते, साध्या कायद्याने, की घटनादुरुस्तीने? चौथा काळाचा : विधान कोणत्या दिवशीच्या स्थितीविषयी आहे? चुकीचे विधान सहसा या चारांपैकी एकाच सांध्यात मोडलेले असते. उरलेले तिन्ही सांधे शाबूत असल्यामुळे ते वाचताना खरे वाटते.

मूळ घटनाक्रम

विधाने तपासण्यापूर्वी वस्तुस्थिती नीट मांडून घेऊ. १०२वी दुरुस्ती १५ ऑगस्ट २०१८ रोजी अमलात आली. तिने अनुच्छेद ३३८ख घालून राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा दिला, अनुच्छेद ३४२क घालून सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग विनिर्दिष्ट करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना दिला आणि अनुच्छेद ३६६ मध्ये या वर्गांची व्याख्या जोडली. त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर महाराष्ट्राने मराठा समाजाला १६ टक्के आरक्षण देणारा कायदा अमलात आणला. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१९ मध्ये तो वैध ठरवला, मात्र प्रमाण शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ टक्क्यांवर आणले.

५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यीय घटनापीठाने हे आरक्षण रद्द केले. या निकालात दोन स्वतंत्र मुद्दे होते. पहिला, ५० टक्क्यांची मर्यादा ओलांडण्याजोगी असाधारण परिस्थिती सिद्ध झालेली नाही. यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. दुसरा, १०२व्या दुरुस्तीनंतर मागास वर्ग निश्चित करण्याचा अधिकार राज्यांकडे उरलेला नाही. हा निर्णय तीन विरुद्ध दोन असा झाला. १०२वी दुरुस्ती मात्र वैधच ठरली. दुसऱ्या मुद्द्यावर उतारा म्हणून संसदेने १०५वी दुरुस्ती केली आणि ती १५ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. राष्ट्रपतींची सूची ही केंद्राच्या प्रयोजनांसाठीची ‘केंद्रीय सूची’ असल्याचे तिने स्पष्ट केले आणि प्रत्येक राज्याला आपल्या प्रयोजनांसाठी कायद्याद्वारे स्वतंत्र सूची तयार करण्याची व ठेवण्याची मुभा दिली.

एक प्रश्न, तीन विधाने

आता पुढील प्रश्न पाहा. ‘खालील विधानांचा विचार करा. (१) राष्ट्रीय मागासवर्ग आयोग १०२व्या घटनादुरुस्तीने प्रथमच स्थापन झाला. (२) राष्ट्रपतींनी अधिसूचित केलेल्या केंद्रीय सूचीत एखादा वर्ग समाविष्ट करण्याचा किंवा तीतून वगळण्याचा अधिकार संसदेला कायद्याद्वारे वापरता येतो. (३) १०५व्या घटनादुरुस्तीनुसार राज्याची सूची राज्यपाल अधिसूचनेद्वारे निश्चित करतात. वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?’

पहिले विधान क्रियेच्या सांध्यात मोडते. हा आयोग १९९३च्या कायद्याने वैधानिक संस्था म्हणून आधीच अस्तित्वात होता. १०२व्या दुरुस्तीने त्याचा दर्जा बदलला. ‘प्रथमच’ या एका शब्दाने विधान चुकीचे ठरते. दुसरे विधान बरोबर आहे. राष्ट्रपतींची अधिसूचना एकदा निघाल्यावर ती नंतरच्या अधिसूचनेने बदलता येत नाही. बदल करायचा तर संसदेचा कायदा लागतो. अनुसूचित जाती व जमातींच्या सूच्यांबाबत अनुच्छेद ३४१ आणि ३४२ मध्ये हीच रचना आहे, त्यामुळे ती एकदा समजली की तीन ठिकाणी उपयोगी पडते. तिसऱ्या विधानात साधन बदलले आहे आणि त्याबरोबर कर्ताही. अनुच्छेद ३४२क(३) राज्याला हा अधिकार ‘कायद्याद्वारे’ वापरायला सांगतो. उत्तर ‘केवळ एक’.

मर्यादेचा सापळा

या विषयावरील सर्वांत फसवे विधान असे असू शकते : ‘१०५व्या घटनादुरुस्तीने राज्यांना ५० टक्क्यांपेक्षा अधिक आरक्षण देण्याचा अधिकार मिळाला.’ वृत्तपत्रांतील चर्चेत दुरुस्ती आणि मराठा आरक्षण हे शब्द सतत एकत्र आल्याने हे विधान अनेकांना खरे वाटते. न्यायालयाच्या निकालातील दोन मुद्दे वेगळे ठेवले, तर उत्तर स्पष्ट होते. १०५व्या दुरुस्तीने केवळ दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे वर्ग कोणी निश्चित करावा याला, हात घातला. मर्यादेला तिने स्पर्श केलेला नाही. म्हणूनच महाराष्ट्र विधिमंडळाने २० फेब्रुवारी २०२४ रोजी मराठा समाजासाठी १० टक्के आरक्षणाचा नवा कायदा संमत केला, तेव्हा ५० टक्क्यांच्या मर्यादेचा वाद पुन्हा न्यायालयात गेला.

याच्या उलट दिशेचा सापळाही लक्षात ठेवावा. ही मर्यादा १९९२च्या इंद्रा साहनी निकालातून आली, हे बहुतेकांना ठाऊक असते; त्यावरून ‘५० टक्के मर्यादेचा उल्लेख संविधानात कोठेही नाही’ हे विधान बरोबर मानले जाते. प्रत्यक्षात २०००च्या ८१व्या दुरुस्तीने घातलेल्या अनुच्छेद १६(४ख) मध्ये, मागील वर्षांच्या न भरलेल्या राखीव जागांच्या संदर्भात, या मर्यादेचा शब्दशः उल्लेख आहे.

हीच पद्धत अन्यत्र

काळाचा सांधा तपासण्यासाठी ४४वी दुरुस्ती उत्तम आहे. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेविषयी अनुच्छेद २२ मध्ये बदल करणारे तिचे कलम ३ संसदेने संमत केले, पण ते अमलात आणणारी अधिसूचना निघालीच नाही. ‘संमत झाले’ आणि ‘लागू आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. साधनाच्या सांध्यासाठी गोव्याचे उदाहरण घ्यावे. अनेक तक्त्यांत ‘५६वी दुरुस्ती : गोव्याला राज्याचा दर्जा’ असे लिहिलेले असते. राज्याची निर्मिती मात्र १९८७च्या पुनर्रचना कायद्याने झाली. ५६व्या दुरुस्तीने विधानसभेत किमान ३० सदस्य असावेत अशी तरतूद अनुच्छेद ३७१झ (इंग्रजी प्रतीतील ३७१-आय) म्हणून घातली.

सरावाची रीत

यासाठी लागणारे मुख्य साधन विनामूल्य आहे. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधायी विभागाने प्रसिद्ध केलेल्या संविधानाच्या इंग्रजी प्रतीत प्रत्येक बदलाखाली तळटीप असते. मजकूर समाविष्ट झाला, बदलला की वगळला, कोणत्या दुरुस्तीच्या कोणत्या कलमाने आणि कोणत्या दिनांकापासून, हे त्या एका ओळीत मिळते. एक अनुच्छेद तळटिपांसह वाचावा आणि त्यावर चार खरी विधाने स्वतः लिहावीत. मग प्रत्येकात एकच सांधा बदलून खोटे विधान तयार करावे. दोन-तीन आठवड्यांनी ती आठ विधाने मिसळून सोडवावीत आणि प्रत्येक चुकीपुढे क्रिया, कर्ता, साधन किंवा काळ यांपैकी एक शब्द लिहावा. चाळीसेक विधानांनंतर आपल्या चुका कोणत्या सांध्यात साचतात हे दिसू लागते. चुका साधनात असतील तर अनुच्छेदाचा मूळ मजकूर, आणि काळात असतील तर तळटिपांतील दिनांक पुन्हा वाचावेत. तेच प्रश्न पुन्हा सोडवून मिळालेल्या वाढत्या गुणांवर विसंबू नये. ती बहुधा उत्तरांची आठवण असते.

एक व्यावहारिक बाब. पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर भारतात रविवारी सकाळी साडेनऊला सुरू होतो. दुबई किंवा अबूधाबीच्या घड्याळात तेव्हा आठ वाजलेले असतात आणि २०२२ पासून येथे रविवार सुट्टीचा आहे. सराव-परीक्षा त्याच वेळेला, आठ ते दहा, बसून दिली, तर एका प्रश्नाला मिळणाऱ्या ७२ सेकंदांत तीन विधानांचे सांधे तपासून होतात की नाही, हे परीक्षेच्या बरेच आधी कळते.