शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, तरी मुलं वाचेनात! अहवाल थोडक्यात काय सांगतो?

‘प्रथम’च्या वाचन कार्यक्रमाचं अनेक राज्यांत मूल्यमापन झालं. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि सहकाऱ्यांचा 2016 चा लेख लांबलचक आहे. अधिकाऱ्यांना मात्र त्यातली एकच तुलना पुरेशी आहे.

मुख्य निष्कर्ष: उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य मिळालं, पण मुलांच्या वाचनात फरक पडला नाही. शिक्षक अभ्यासक्रम संपवण्याच्या घाईतच राहिले. हरियाणात 2012-13 मध्ये रोज एक तास राखून ठेवला गेला. तिसरी ते पाचवीची मुलं इयत्तेनुसार नव्हे, वाचनाच्या पातळीनुसार बसवली. तिथं हिंदी सुधारली. गणितात मात्र सुधारणा दिसली नाही, कारण भर भाषेवर होता. सारांशात नेमकी हीच ओळ गळते.

काय करावं: वेळापत्रकात तो तास आधी टाका, प्रशिक्षण नंतर. हरियाणात केंद्र समन्वयकांनी आधी स्वतः 15 ते 20 दिवस वर्गात शिकवून पाहिलं, मगच शिक्षकांना मार्गदर्शन केलं. शाळाभेटीत साहित्याची पेटी मोजू नका. त्या तासाला मुलं कशी बसली आहेत, ते पाहा. इयत्तेनुसारच बसली असतील, तर कार्यक्रम फक्त कागदावर आहे.