तेलवाहिनीतून केळीच्या बागेत

शहादा तालुक्यातल्या ब्राह्मणपुरीच्या शिवारात जानेवारीची थंडी केळीला सोसत नाही. पारा पंधरा-सोळा अंशांखाली गेला की वाढ मंदावते, आणखी खाली घसरला की पानांवर चरका दिसू लागतो. अशा रात्री बागेला पाणी द्यायचं की बांधावर धूर करायचा, हे ठरवायला गावाचं नव्हे, त्या बागेचं तापमान हवं असतं. ते आता काही शे रुपयांच्या वायफाय पाटीवर घरबसल्या मिळू शकतं. पाटी आकडा पाठवते, मधला ब्रोकर तो पुढे देतो आणि घरच्या संगणकावरची छोटी स्क्रिप्ट तो लिहून ठेवते. या तिघांपैकी स्क्रिप्ट का लागते, हे कळायला पहिल्या दोघांचं मूळ पाहावं लागतं.

मूळ आहे अमेरिकेतल्या तेलवाहिनीत. फिलिप्स 66 कंपनीच्या वाहिन्यांवरची दूरची ठाणी उपग्रहाच्या दुव्याने नियंत्रणकक्षाशी जोडलेली होती. जुन्या पद्धतीत कक्ष प्रत्येक ठाण्याला पाळीपाळीने विचारी, ‘दाब किती?’ काही बदललेलं नसलं तरी प्रश्न जाई आणि उत्तर येई. उपग्रहावरचा प्रत्येक बाइट महाग होता, शिवाय दुवा कधी तुटेल याचा नेम नव्हता. 1999 मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कॉम कंपनीचे आर्लेन निपर यांनी ही रीत उलटी केली. ठाण्याने सांगण्यासारखं असेल तेव्हा आपणहून सांगायचं, तेही एखाद्या विषयाखाली, कक्षाला नाही तर मधल्या ब्रोकरला. ज्याला तो विषय हवा असेल त्याने ब्रोकरकडे आधीच नाव नोंदवून ठेवायचं. हाच एमक्यूटीटी.

बाजार समितीतल्या अडत्यासारखा हा ब्रोकर आहे: माल आणणारा आणि नेणारा यांची गाठ पडण्याची गरज नाही. ठाणं अचानक गप्प झालं तर तेही त्याला कळतं, कारण जोडणी करतानाच ठाणं आपलं ‘मृत्युपत्र’ त्याच्यापाशी ठेवू शकतं. ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळात ठाण्याकडून काहीच आलं नाही, तर ब्रोकर ते मृत्युपत्र जाहीर करतो.

काटकसर किती, ते मोजून पाहू. बागेतली पाटी `bp/keli/1/temp` या विषयावर `9.56` पाठवते. विषयाचे 14 बाइट, आकड्याचे 4, विषयाची लांबी सांगणारे 2 आणि मथळ्याचे 2, म्हणजे सगळा निरोप 22 बाइटांचा. त्याच्याखालच्या टीसीपी-आयपीचं वेष्टनच निदान 40 बाइटांचं असतं.

ही रीत बरीच वर्षं उद्योगांच्या आतच राहिली. 2009 मध्ये रॉजर लाइट यांनी मॉस्किटो हा मुक्त ब्रोकर लिहायला घेतला. 2010 मध्ये आयबीएमने एमक्यूटीटीचा आराखडा विनामूल्य वापरासाठी खुला केला. तरी वायफाय असलेली स्वस्त पाटी अजून नव्हती. ती आली 2014 मध्ये, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या ईएसपी8266 या चिपमधून. ती विकली जात होती दुसऱ्या नियंत्रकाला वायफाय पुरवणारा जोड म्हणून, आणि माहितीपत्रकं चिनी भाषेत होती. हौशी लोकांनी ती भाषांतरित केली, तेव्हा ध्यानात आलं की चिपमध्येच पुरेसा प्रोसेसर आहे, वेगळ्या नियंत्रकाची गरजच नाही. पुढच्याच वर्षी ती आर्डुइनोच्या पद्धतीने प्रोग्राम करता येऊ लागली. आयबीएममधल्याच निक ओ’लीअरी यांनी आर्डुइनोसाठी लिहिलेली पबसबक्लायंट ही लायब्ररी तिच्यावर चालली, आणि तेलवाहिनीची रीत हौशी माणसाच्या टेबलावर येऊन पोचली.

मात्र वाहिनीच्या चालकाला हवा असतो आत्ताचा दाब. कालच्या रात्री तीन वाजता तो किती होता, हा प्रश्न ब्रोकरचा नाही. म्हणून एमक्यूटीटीच्या निरोपात वेळेची जागाच नाही आणि ब्रोकर इतिहासही ठेवत नाही. फार तर एका विषयाचा शेवटचा निरोप ‘राखून’ ठेवतो, म्हणजे नव्याने जोडलेल्याला तो लगेच मिळतो. बागाईतदाराला हवी असते अख्ख्या रात्रीची नोंद. ती ठेवणं स्क्रिप्टच्या गळ्यात पडतं, आणि घोळही तिथेच होतात.

समजा, पाटी दर दहा मिनिटांनी राखीव निरोप पाठवते. पहाटे साडेपाचला 9.56 अंश गेले आणि लगेच गावची वीज गेली. राउटर, ब्रोकर, स्क्रिप्ट, घरचं सगळंच बंद. नऊ वाजता वीज आली. ब्रोकरने आपली स्थिती डिस्कवर जपली असेल, तर स्क्रिप्ट जोडल्याबरोबर तो पहाटेचा राखीव निरोप तिच्या हाती देतो. स्क्रिप्ट त्यावर आपल्या घड्याळाची वेळ टाकते. तक्त्यात दिसतं, नऊ वाजता 9.56 अंश, आणि दहा मिनिटांनी एकदम उन्हाचा आकडा. असा उभा कडा दिसला की हवेकडे नाही, नोंदीकडे पाहावं.

दुसरा घोळ संवेदकाचा. डीएस18बी20 चालू झाल्यावर, पहिलं मापन पूर्ण होण्याआधीच वाचला, तर 85 अंश दाखवतो, कारण तो त्याच्या स्मृतीतला सुरुवातीचा आकडा असतो. बारा बिटांच्या मापनाला 750 मिलिसेकंद लागतात, तेवढं थांबायला हवं. तार सुटली तर नेहमीची लायब्ररी -127 देते. दोन्ही घोळ स्क्रिप्टच्या दारातच अडवता येतात:

```python
def on_message(client, userdata, msg):
    if msg.retain:
        return
    c = float(msg.payload)
    if c in (85.0, -127.0):
        return
    db.execute("INSERT INTO nond VALUES(?,?,?)",
               (int(time.time()), msg.topic, c))
    db.commit()
```

`msg.retain` ही खूण फक्त राखून ठेवलेल्या प्रतीवर खरी असते. स्क्रिप्ट आधीपासून जोडलेली असेल, तर ताज्या निरोपावर ती नसते. त्यामुळे जुना आकडा गळतो आणि ताजा राहतो.

वीज नसतानाच्या साडेतीन तासांचं मात्र या चाळणीने काही होत नाही. पोचपावतीच्या वरच्या पायरीवर विषय मागितला, तर स्क्रिप्ट बंद असतानाचे निरोप ब्रोकर साठवेल, असं पुष्कळांना वाटतं. पण पबसबक्लायंट शून्य पायरीवरच पाठवू शकते, आणि असे निरोप मॉस्किटो त्याच्या मूळ सेटिंगमध्ये रांगेत ठेवत नाही. शिवाय इथे ब्रोकरच बंद होता.

उपाय पाटीकडे आहे. तिने इंटरनेटवरून घड्याळ लावून घ्यावं, वेळ आकड्यासोबतच पाठवावी, आणि जोडणी नसेल तेव्हा वाचनं आपल्या फ्लॅश स्मृतीत जमवून मग एकामागून एक सोडावीत. पहाटेचा निरोप मग `1736726400,9.56` असा होतो, म्हणजे 13 जानेवारी 2025, साडेपाच. आकार 22 वरून 33 बाइटांवर जातो. स्क्रिप्टने स्वल्पविरामावर तुकडे करून पाटीचीच वेळ लिहायची, आणि तक्त्यात विषय व वेळ यांची जोडी एकमेव ठेवायची आणि `INSERT` ऐवजी `INSERT OR IGNORE` वापरायचं. मग तोच निरोप पुन्हा आला तरी दुसरी ओळ पडत नाही, आणि राखीव निरोप नाकारण्याचीही गरज उरत नाही. त्यासाठी मोजावे लागतात अकरा बाइट. ते वाचवणं उपग्रहाच्या दुव्यावर शहाणपणाचं होतं, घरच्या वायफायवर नाही.