भाडेपावतीवर नाव कुणाचं?

लालबागच्या आमच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत माणसं किती, हे नाना पाळ्यांवरून मोजायचे. दिवसपाळीचे कामावर गेले की रातपाळीचे त्याच जागी वळकट्या उलगडत. नाना गिरणीत साचेवाले. भाडेपावत्या त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपलेल्या. महिना अठरा रुपये. १९४७च्या कायद्याने भाडी जुन्या दरांना बांधून टाकली होती. "म्हणून आपण टिकलो," नाना सांगत आणि लगेच जोडत, "म्हणून मालकाने जिना दुरुस्त केला नाही."

पुढे जे झालं त्याचा सगळा दोष काका १९८२च्या संपाला देतात. संपाने माणसं मोडली हे खरंच, पण जमिनीचं जे झालं ते नंतर झालं. १९९१च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१मध्ये तो बदलला. वाटणी फक्त रिकाम्या जमिनीची, इमारतींखालची जमीन वगळून. शहराचा नि घरांचा वाटा आक्रसला. २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. मग टॉवर आले आणि शेजारच्या खोल्यांची भाडी त्यांच्याकडे बघून ठरू लागली.

आमची चाळ बिल्डरकडे गेली तेव्हा पावतीवाल्यांना नवं घर मिळणार होतं, आणि तोवर दरमहा पंधरा हजार भाडं. लालबागमध्ये तशी खोली पंचवीस हजारांखाली नव्हती, डिपॉझिट वेगळं. वरचे दहा हजार कुठून आणायचे? आम्ही डोंबिवलीला गेलो. इमारत रखडली, घरभाडं दर अकरा महिन्यांनी वाढत राहिलं, बिल्डरचे चेक मात्र थांबले. मुलांच्या शाळा तिकडेच झाल्या.

पावती नसलेल्यांना तेवढंही मिळालं नाही. गोदाकाकूंनी आमच्या मजल्यावर पोटभाड्याच्या खोलीत खानावळ चालवली. संपाच्या महिन्यांत उधारीवर गिरणीकामगारांना जेवू घातलं. पावती दुसऱ्याच्या नावे. त्यामुळे पात्र रहिवाशांच्या यादीत त्या नव्हत्या. त्यांची पितळी परात आमच्याकडे ठेवून त्या गावी, सावंतवाडीकडे गेल्या. चाळ इतकी वर्षं टिकली ती कायद्याने, असं आम्ही म्हणतो. पण त्या कायद्याच्या लेखी काकू त्या चाळीत कधी राहिल्याच नव्हत्या.

भाड्याबद्दल आत्याला विचारलं तर ती लिफ्टबद्दल बोलते. तिला अखेर नवं घर मिळालं, विसाव्या मजल्यावर. लिफ्ट बंद पडली की गुडघे उतरू देत नाहीत. मेंटेनन्स महिना सहा हजार. तिची पेन्शन त्याहून थोडीच जास्त. तिचा मुलगा म्हणतो, भाड्याने देऊन टाकू, बदलापूरला राहू. नाना असते तर कडाडले असते. मला मात्र मुलाला काय सांगावं, कळत नाही.

शेजारच्या चाळीचा करार सध्या चालू आहे. रहिवाशांच्या यादीत पोटभाडेकरूंचा रकाना घालायचा की नाही, यावर बैठका होताहेत. घातला तर आपलं क्षेत्रफळ कमी होईल, असं पावतीवाल्यांना वाटतं.