लाग्रांजचे गुणक : रेषीय बंधनाखाली गुणाकाराचे कमाल मूल्य

रेषीय बंधनाखाली गुणाकाराचे कमाल मूल्य काढणे हा लाग्रांजच्या गुणकांच्या पद्धतीचा सर्वांत साधा उपयोग मानला जातो. x आणि y या दोन धन राशींवर ax + by = c असे बंधन असताना xy हा गुणाकार जास्तीत जास्त किती होईल, असा हा प्रश्न आहे. येथे a, b आणि c या धन स्थिर संख्या आहेत. उत्तर असे की ax = by = c/२ असताना, म्हणजे बंधनातील दोन्ही पदे समान असताना, गुणाकार कमाल होतो आणि त्याचे मूल्य c²/(४ab) असते. a व b यांना दर आणि c ला एकूण रक्कम मानल्यास, खर्च दोन्हींवर निम्मा निम्मा करावा, असा याचा अर्थ होतो. राशी समान असाव्यात असे नव्हे, तर त्यांवरील खर्च समान असावा. या दोन विधानांतील फरक पुढील उदाहरणातून स्पष्ट होतो.

## उदाहरण : कोथरूडमधील बाग

पुणे शहराच्या पश्चिमेकडील कोथरूड या उपनगरात अनेक सहकारी गृहरचना संस्था आहेत. अशा एखाद्या संस्थेला आपल्या मोकळ्या जागेत आयताकृती बाग कुंपणाने बंदिस्त करायची आहे, असे समजू. (पुढील दर व रक्कम केवळ उदाहरणादाखल घेतली आहे.) मागील बाजूस आवाराची भिंत आधीच उभी असल्याने तेथे खर्च नाही. रस्त्याकडील दर्शनी बाजूस लोखंडी रेलिंग लावायचे असून त्याचा दर मीटरला १८०० रुपये आहे. उरलेल्या दोन बाजूंस तारेची जाळी लावायची असून तिचा दर मीटरला ६०० रुपये आहे. मंजूर रक्कम ७२,००० रुपये आहे.

दर्शनी बाजूची लांबी x मीटर आणि बागेची खोली y मीटर मानली, तर जाळी दोन बाजूंना लागत असल्याने खोलीच्या प्रत्येक मीटरमागे १२०० रुपये खर्च येतो. म्हणून बंधन असे :

१८००x + १२००y = ७२०००

आणि कमाल करावयाची राशी म्हणजे क्षेत्रफळ xy.

ठरावीक लांबीच्या कुंपणात चौरसाचे क्षेत्रफळ सर्वांत मोठे असते, हे शाळेत शिकवले जाते. त्यामुळे येथेही चौरस घ्यावा असे वाटणे स्वाभाविक आहे. x = y = २४ घेतल्यास ७२,००० रुपये पुरेपूर खर्च होतात आणि ५७६ चौरस मीटर बाग मिळते. परंतु तेवढ्याच रकमेत याहून मोठी बाग मिळू शकते. चौरसाचा नियम चारही बाजूंचा दर एकच असताना लागू होतो. येथे दर वेगळे आहेत आणि एक बाजू फुकट आहे.

## पद्धत

गुणकांच्या पद्धतीत λ (लॅम्डा) हे एक नवे चल घेऊन पुढील फल तयार करतात :

L = xy − λ(१८००x + १२००y − ७२०००)

या फलाचे x, y आणि λ यांच्या संदर्भात आंशिक विकलन करून प्रत्येक विकलज शून्याबरोबर मांडल्यास तीन समीकरणे मिळतात :

y = १८००λ
x = १२००λ
१८००x + १२००y = ७२०००

पहिल्या दोन समीकरणांवरून १८००x आणि १२००y या दोहोंची किंमत १८०० × १२०० × λ एवढीच येते. म्हणजे दोन्ही खर्च समान आहेत. तिसऱ्या समीकरणानुसार त्यांची बेरीज ७२,००० असल्याने प्रत्येक खर्च ३६,००० रुपये होतो. यावरून x = २०, y = ३० आणि क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर येते. चौरसापेक्षा ही बाग २४ चौरस मीटरने मोठी आहे. λ ची किंमत ३०/१८००, म्हणजेच १/६० येते.

ही समीकरणे का उपयोगी पडतात, हे खर्चाच्या भाषेत सांगता येते. दर्शनी बाजू एक मीटरने वाढवली, तर बाग y चौरस मीटरने वाढते व १८०० रुपये लागतात. म्हणजे तेथे घातलेल्या दर रुपयामागे y/१८०० चौरस मीटर मिळतात. खोली वाढवण्यासाठी घातलेल्या दर रुपयामागे x/१२०० चौरस मीटर मिळतात. यांपैकी एक संख्या मोठी असेल, तर दुसरीकडचे काही रुपये काढून तिकडे वळवल्यास बाग वाढेल. असे वळवून काहीच लाभ होत नाही अशी स्थिती दोन्ही संख्या समान झाल्यावरच येते, आणि त्या समान संख्येलाच λ म्हणतात. चौरसात रेलिंगच्या रुपयामागे २४/१८०० आणि जाळीच्या रुपयामागे २४/१२०० चौरस मीटर मिळतात. दुसरी संख्या मोठी असल्याने रेलिंग कमी करून जाळी वाढवावी, असे चौरस स्वतःच सुचवतो.

## गुणकाचा अर्थ

λ हे केवळ आकडेमोडीचे साधन नसून त्याला एकक आहे : येथे ते रुपयामागे चौरस मीटर असे आहे. मंजूर रक्कम थोडी वाढल्यास कमाल क्षेत्रफळ किती वाढेल, हे λ सांगतो. रक्कम ६०० रुपयांनी वाढवली, तर ६००/६०, म्हणजे १० चौरस मीटर वाढ अपेक्षित आहे. c²/(४ab) या सूत्राने प्रत्यक्ष हिशेब केल्यास नवे क्षेत्रफळ सुमारे ६१०.०४ येते. अंदाज जवळजवळ अचूक ठरतो.

मात्र हा अंदाज लहान बदलांपुरताच खरा असतो. कमाल क्षेत्रफळ रकमेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे λ सुद्धा रकमेबरोबर वाढत जातो. रक्कम दुप्पट, म्हणजे १,४४,००० रुपये केल्यास जुन्या λ वरून १८०० चौरस मीटर असा अंदाज निघेल. प्रत्यक्षात २४०० चौरस मीटर मिळतील.

## मिळालेला बिंदू कमालच आहे का?

विकलज शून्य करून मिळणारा बिंदू स्थिर बिंदू असतो. तो कमाल मूल्य देतो की किमान, की दोन्ही नाही, हे वेगळे तपासावे लागते. येथे एक गैरसमज नेहमी आढळतो : L या फलाचे कमाल मूल्य काढले जात आहे, असे समजले जाते. वरील उदाहरणात λ = १/६० घालून L ची फोड केल्यास

L = ६०० + (x − २०)(y − ३०)

असे मिळते. x आणि y दोन्ही एकेकाने वाढवले तर L ६०१ होते; x एकाने वाढवून y एकाने कमी केले तर ५९९ होते. म्हणजे (२०, ३०) येथे L ला ना कमाल मूल्य आहे, ना किमान. घोड्यावरील खोगिराप्रमाणे एका दिशेने चढ आणि दुसऱ्या दिशेने उतार असलेला तो बिंदू आहे.

परंतु x आणि y दोन्ही वाढवणे मंजूर रकमेत शक्यच नाही. बंधनाच्या रेषेवर राहून x हे h ने वाढवल्यास y हे १.५h ने कमी करावे लागते. ते वरील सूत्रात घातल्यास क्षेत्रफळ ६०० − १.५h² येते. h धन असो वा ऋण, क्षेत्रफळ घटतेच. म्हणून रेषेवर हा बिंदू निःसंशय कमाल आहे. चौरसासाठी h = ४ असल्याने घट २४ येते, आणि ती वर मिळालेल्या फरकाशी जुळते.

याच सूत्रावरून आणखी एक गोष्ट कळते. दर्शनी बाजू २० ऐवजी २१ मीटर झाली, तर अवघे १.५ चौरस मीटर कमी होतात. कमाल बिंदूजवळ लहान चुकीची किंमत अल्प असते, मोठ्या चुकीची मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढत जाते. झाड, विजेचा खांब किंवा प्रवेशद्वार यांसाठी मापात थोडा बदल करावा लागल्यास त्याने फारसे बिघडत नाही.

## जुनी रीत आणि गुणकांचा उगम

या विशिष्ट प्रश्नाला विकलनाची गरज नाही. कोणत्याही दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट ही त्यांच्या बेरजेच्या वर्गातून वजाबाकीचा वर्ग वजा केल्यास मिळते. त्या दोन संख्या म्हणून ax आणि by घेतल्यास

४ab·xy = c² − (ax − by)²

असे होते, आणि ax = by असताना उजवी बाजू कमाल असते हे उघड आहे. युक्लिडच्या दुसऱ्या पुस्तकातील पाचवे विधान म्हणजे याच संबंधाचे भौमितिक रूप होय. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) बेरीज व वजाबाकीवरून दोन संख्या काढण्याची ‘संक्रमण’ नावाची रीत आहे, तीही बेरीज आणि वजाबाकी यांच्या याच जोडीवर आधारलेली आहे.

जोसेफ-लुई लाग्रांज (१७३६–१८१३) याने १७८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यामिकीवरील ग्रंथात बंधनांत अडकलेल्या वस्तूंच्या संतुलनासाठी गुणकांचा वापर केला, आणि १७९७ च्या फलांवरील ग्रंथात ती रीत कमाल व किमान मूल्यांच्या प्रश्नांना लावली. वर्गाची युक्ती दोन राशींच्या गुणाकारापुरती चालते. राशी वाढल्या किंवा बंधन वक्र असले तरी गुणकांची पद्धत त्याच क्रमाने वापरता येते. उदाहरणार्थ, तीन राशींच्या गुणाकारात रक्कम तीन समान भागांत वाटावी, असे तीच पद्धत सांगते.

## मर्यादा आणि नेहमीच्या चुका

सर्वांत नेहमीची चूक बंधन मांडताना होते. जाळी दोन बाजूंना लागते हे विसरून १८००x + ६००y = ७२००० असे लिहिल्यास x = २०, y = ६० येते. हे उत्तर प्रत्यक्ष कुंपणावर पडताळल्यास खर्च १,०८,००० रुपये होतो. म्हणून मिळालेली मापे समीकरणात नव्हे, तर मूळ वर्णनात घालून खर्च पुन्हा मोजणे आवश्यक असते. a आणि b यांची चिन्हे विरुद्ध असल्यास रेषेवर दोन्ही राशी एकाच वेळी अमर्याद वाढू शकतात आणि कमाल मूल्य अस्तित्वातच राहत नाही.

दुसरी मर्यादा असमतेच्या बंधनांची आहे. समजा, मागील भिंत केवळ १५ मीटर लांब आहे. त्यामुळे x १५ पेक्षा जास्त असू शकत नाही. आता (२०, ३०) हा बिंदू उपलब्ध नाही. १५ मीटरपर्यंत क्षेत्रफळ वाढतच असल्याने x = १५ घ्यावे लागते; त्यावरून y = ३७.५ आणि क्षेत्रफळ ५६२.५ चौरस मीटर येते. येथे खर्च २७,००० आणि ४५,००० असा असमान आहे, तरीही उत्तर बरोबर आहे. भिंतीच्या मर्यादेसाठी दुसरा गुणक घेतल्यास त्याची किंमत १५ येते : भिंत किंचित लांब असती, तर दर मीटरमागे सुमारे १५ चौरस मीटर या दराने बाग वाढली असती. भिंत २० मीटर किंवा त्याहून लांब असल्यास हा दुसरा गुणक शून्य होतो आणि समान खर्चाचा नियम पुन्हा लागू होतो.